भट्टी एक, उत्पादने पाच : वाढ-हिस्सा तक्ता वाचून पैसा कुठे घालायचा हे कसे ठरवावे

पाच-सहा प्रकारची उत्पादने करणाऱ्या कारखान्यात मार्च जवळ आला की एकच वाद रंगतो. प्रत्येक विभागाला नवे यंत्र हवे असते आणि प्रत्येकाकडे त्याची कारणे असतात. तिजोरी मात्र एकच असते. बहुतेक ठिकाणी या वादाचा निकाल जुन्या सवयीने लागतो : गेल्या वर्षी ज्याला जितके मिळाले त्यात थोडी वाढ करून सगळ्यांना वाटून द्यायचे. असे दहा वर्षे चालले की चांगले उत्पादन उपाशी राहते आणि संपत आलेल्या उत्पादनावर नवे रंगकाम होत राहते.

हे टाळण्यासाठी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० साली एक साधा तक्ता मांडला. आडव्या अक्षावर बाजारातला आपला सापेक्ष हिस्सा, उभ्या अक्षावर त्या बाजाराची वाढ, आणि प्रत्येक उत्पादन म्हणजे विक्रीच्या प्रमाणात लहान-मोठे वर्तुळ. वाढही जास्त आणि हिस्साही जास्त तो तारा, वाढ कमी पण हिस्सा जास्त ती दुभती गाय, वाढ जास्त पण हिस्सा कमी ते प्रश्नचिन्ह, दोन्ही कमी तो कुत्रा. व्यवस्थापनाच्या वर्गात हे चार चौकोन सगळ्यांनी पाहिलेले असतात. गाय पिळा, ताऱ्याला खाऊ घाला, कुत्रा सोडून द्या, एवढे पाठ असते. या लेखात मला दाखवायचे आहे की या पाठांतराने निर्णय घेतला तर कारखाना कसा अडचणीत येतो, आणि तोच तक्ता नीट वाचला तर काय दिसते.

त्यासाठी एक कारखाना कल्पू. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत त्याची स्वतःची फौंड्री आहे, शेजारी मशिन शॉप आणि जुळणीचा विभाग. वर्षाची विक्री १०५ कोटी. पुढचे सगळे आकडे मी उदाहरणासाठी बांधले आहेत, ते कोणत्याही खऱ्या कारखान्याचे नाहीत. पण कारखान्याची घडण त्या पट्ट्यात काम केलेल्यांना ओळखीची वाटावी अशी आहे.

पहिली पायरी : तक्ता मांडणे

सापेक्ष हिस्सा म्हणजे बाजारातली आपली टक्केवारी नव्हे. आपली विक्री भागिले आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याची विक्री, असा तो काढतात. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर आपण पहिले. हेंडरसन यांनी हेच माप का घेतले, ते कळल्याशिवाय पुढचे काही उमगणार नाही. त्यांच्या गटाने १९६० च्या दशकात अनेक उद्योगांचे खर्च तपासून असे मांडले होते की आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर नगाचा खर्च, महागाई वजा करून, साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. ज्याने जास्त बनवले त्याचा खर्च कमी, म्हणून त्याच भावात त्याच्याकडे जास्त रोख उरते. थोडक्यात, आडवा अक्ष खर्चातल्या फरकाचा अंदाज देतो. ३० टक्के हिस्सा असूनही समोरच्याकडे ४५ टक्के असतील तर खर्चात तुम्ही मागेच आहात. १२ टक्के हिस्सा असून बाकीचे सगळे पाच-सहा टक्क्यांवर असतील तर तुम्ही पुढे आहात.

प्रतिस्पर्ध्याची विक्री कुठून मिळवायची? समोरची संस्था नोंदणीकृत कंपनी असेल तर तिने दाखल केलेले ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येतात. त्यात उत्पादनवार फोड बहुधा नसते, आणि भागीदारी किंवा एकल मालकीच्या कारखान्यांचे तर काहीच मिळत नाही. तेव्हा दहा-बारा विक्रेत्यांच्या दुकानांत बसून महिन्याला कोणाचे किती नग जातात ते विचारावे, आणि तांब्याची तार किंवा पिग आयर्न पुरवणाऱ्यांकडून कोण किती उचलतो त्याचा अंदाज घ्यावा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जवळपास जुळले की पुरे. मी तर तक्त्यावर एका ठिपक्याऐवजी आडवी रेघ ओढायला सांगतो : आपला हिस्सा ०.५ ते ०.७ च्या दरम्यान कुठेतरी आहे, असे प्रामाणिकपणे दाखवणारी. ती रेघ १ ही मधली सीमा ओलांडत असेल तर त्या उत्पादनाबाबत निर्णय घेण्याआधी आणखी माहिती लागणार, हे लगेच कळते.

वाढ मोजताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. जास्त वाढ आणि कमी वाढ वेगळी करणारी दहा टक्क्यांची रेघ पुस्तकातून उचलतात आणि बाजाराची वाढ रुपयांत मोजतात. लोखंड-तांबे महागले की रुपयांतली वाढ आपोआप फुगते आणि निम्मी उत्पादने तारे दिसू लागतात. वाढ नगांत किंवा टनांत मोजावी. ती आपल्या विक्रीची नव्हे तर बाजाराची वाढ असावी, आणि एका वर्षाची न घेता तीन वर्षांची सरासरी घ्यावी, कारण शेतीशी जोडलेल्या मालात एका चांगल्या-वाईट पावसाने आकडा उलटतो.

आपल्या कारखान्याचे चित्र असे दिसते (विक्री कोटी रुपयांत) :

| उत्पादन | आपली विक्री | मोठ्या प्रतिस्पर्ध्याची | सापेक्ष हिस्सा | बाजाराची वाढ |
|---|---|---|---|---|
| विजेचे मोनोब्लॉक पंप | ४८ | ३० | १.६ | ३ % |
| ओतीव सुटे भाग | ३० | १२० | ०.२५ | ८ % |
| घरघंटी | १२ | २० | ०.६ | ४ % |
| सौर पंप संच | ९ | ९० | ०.१ | ३० % |
| डिझेल पंपसंच | ६ | ५ | १.२ | उणे ८ % |

पाठांतराने वाचले तर निर्णय दोन मिनिटांत होतो. मोनोब्लॉक आणि डिझेल या गायी, त्यांचे दूध काढा. सौर पंप हे प्रश्नचिन्ह, बाजार तिसांनी वाढतोय, तिथे पैसा ओता. सुटे भाग आणि घरघंटी हे कुत्रे, बंद करा. संचालक मंडळासमोर असा कागद ठेवला तर माना डोलतील. आणि यातला जवळपास प्रत्येक निर्णय चुकीचा ठरेल.

दुसरी पायरी : रोख खरोखर कुठून येते, कुठे जाते

तक्ता रोखीविषयी अंदाज बांधतो. तो अंदाज आपल्या वहीशी ताडून पाहिलाच पाहिजे. प्रत्येक उत्पादनाचा व्याज धरण्याआधीचा, कर वजा केलेला नफा घ्या, त्यात घसारा मिळवा. त्यातून यंत्रांवरचा वर्षाचा खर्च वजा करा आणि खेळत्या भांडवलात, म्हणजे येणी आणि साठा यांत, झालेली वाढ वजा करा. लहान-मध्यम कारखान्यांत ही शेवटची वजाबाकी उत्पादनवार कोणी करत नाही, कारण येणी एकाच खात्यात पडलेली असतात. ती ग्राहकवार फोडायला दोन-तीन दिवस लागतात, पण सगळी गोम तिथेच असते.

| उत्पादन | नफा व घसारा | यंत्रे | खेळते भांडवल | उरलेली रोख |
|---|---|---|---|---|
| मोनोब्लॉक | ५.५ | ०.८ | ०.४ | ४.३ |
| सुटे भाग | ३.२ | २.० | ०.७ | ०.५ |
| घरघंटी | १.० | ०.२ | ०.१ | ०.७ |
| सौर संच | ०.४ | ०.६ | ३.४ | उणे ३.६ |
| डिझेल | ०.७ | ० | उणे ०.३ | १.० |

एकूण २.९ कोटी उरतात. सौर संचाने एकट्याने ३.६ कोटी खाल्ले आणि त्यातले ३.४ उधारीत आणि साठ्यात अडकले. गेल्या वर्षी विक्री ६ कोटी होती आणि येणी चार महिन्यांची, म्हणजे २ कोटी. यंदा विक्री ९ कोटी झाली, पण येणी सहा महिन्यांवर गेली, म्हणजे ४.५ कोटी. विक्री दीडपट झाली आणि अडकलेला पैसा सव्वादोनपट. नफ्याच्या पत्रकात यातले काहीच दिसत नाही, तिथे सौर विभाग नफ्यात आहे.

तिसरी पायरी : बाजाराची फाळणी खर्चाच्या सांध्यावर करणे

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण वर्तुळ तक्त्यावर कुठे पडते हे मुख्यतः बाजार कुठून कुठपर्यंत धरला यावर ठरते.

जनरल इलेक्ट्रिकची गोष्ट इथे आठवावी. तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९८० च्या दशकात नियम घातला होता की प्रत्येक व्यवसाय आपल्या बाजारात पहिला किंवा दुसरा असावा, नाहीतर तो सुधारा, विका किंवा बंद करा. विभागप्रमुखांनी त्यावर साधा उपाय काढला : बाजाराची व्याख्या इतकी अरुंद करायची की आपण आपोआप पहिले. हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने उलट हुकूम काढला, की बाजार असा रुंद मांडा की त्यात तुमचा हिस्सा दहा टक्क्यांहून कमी दिसेल, आणि मग वाढायला जागा कुठे आहे ते सांगा. माप तेच, माणसे तीच. बाजाराची हद्द हलली आणि गाय झाली प्रश्नचिन्ह.

मग खरी हद्द कोणती? माझी कसोटी अशी. एका ग्राहकासाठी माल बनवताना आलेला अनुभव, वापरलेले यंत्र, मिळालेला भाव दुसऱ्या ग्राहकाच्या कामात खर्च कमी करतो का? करत असेल तर दोन्ही एकाच बाजारात धरा. करत नसेल तर ती वेगळी वर्तुळे आहेत, बिलावर एकच नाव असले तरी.

सुट्या भागांना ही कसोटी लावू. ३० कोटींत दोन वेगळी कामे आहेत. १८ कोटींची ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची मोठी हाउसिंग, म्हणजे ओतीव कवचे, ज्यांना मोठी मोल्डिंग लाइन, आतली पोकळी घडवणारे गुंतागुंतीचे कोअर आणि गळती-चाचणी लागते. उरलेली १२ कोटींची लहान सुटी ओतकामे : ब्रॅकेट, पुली, झाकणे. ही कोणतीही लहान फौंड्री करू शकते. हाउसिंगमध्ये कोअर सरकण्याचा, हवा धरण्याचा त्रास आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे सोसून आटोक्यात आणला आहे. पुली ओतायला त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे हे दोन बाजार. त्या आकाराच्या हाउसिंगमध्ये आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी १५ कोटी करतो, म्हणून सापेक्ष हिस्सा १.२ आणि बाजाराची वाढ १० टक्के. लहान ओतकामांत मोठा प्रतिस्पर्धी ६० कोटींचा, म्हणून हिस्सा ०.२ आणि वाढ ५ टक्के. रोख फोडली तर हाउसिंग १.३ कोटी देते आणि लहान कामे ०.८ कोटी खातात. कुत्रा म्हणून मारायला काढलेल्या वर्तुळात एक तारा दडला होता.

सौर संचाचेही तसेच. पॅनेल, कंट्रोलर आणि लोखंडी सांगाडा हे सगळे आपण विकत आणतो. पंप आणि मोटर तेवढी आपली. ९ कोटींच्या विक्रीत आपल्या छपराखाली बनलेला माल समजा अडीच कोटींचाच आहे. बाकी साडेसहा कोटी दुसऱ्याच्या मालाचे, ज्यात आपला अनुभव शून्य आणि मोठ्या खरेदीदाराला मिळतो तो भाव आपल्याला मिळत नाही. पैसा मात्र सबंध ९ कोटींवर सहा महिने अडकतो, कारण केंद्राच्या पीएम-कुसुम आणि राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनांत शेतकऱ्याचा वाटा लहान असतो. राज्याच्या योजनेत तो दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के. बाकीची रक्कम बसवणी आणि तपासणी झाल्यावर सरकारी वाटेने येते.

चौथी पायरी : प्रश्नचिन्हाला किंमत विचारणे

प्रश्नचिन्हात पैसा घालावा का, हे उत्साहावर ठरू नये. गणित कागदावर करावे. बाजार वर्षाला ३० टक्क्यांनी वाढतोय आणि पहिल्या क्रमांकावरचा आपली जागा धरून आहे असे समजू. चार वर्षांनी त्याची विक्री ९० वरून २५७ कोटींवर जाईल. त्याला गाठायचे तर आपल्याला ९ वरून २५७ वर जायला हवे, म्हणजे सलग चार वर्षे दरवर्षी २.३ पट. तेवढ्या विक्रीवर सहा महिन्यांची येणी म्हणजे जवळपास १२८ कोटी. वर्षाला २.९ कोटी रोख कमावणाऱ्या कारखान्याला हे कोणत्याही बँकेच्या आधाराने पेलणार नाही.

बरे, पहिले व्हायचे नाही, आहे ती ०.१ ची जागा टिकवायची आहे. तरी चार वर्षांनी विक्री २५.७ कोटी हवी आणि येणी आजच्या ४.५ वरून सुमारे १२.९ कोटींवर. म्हणजे नुसते मागच्या बाकावर बसून राहायला ८.४ कोटी, तेही फक्त उधारीसाठी. वाढत्या बाजारात कमकुवत जागा सर्वांत महाग पडते. आणि ही वाढ अनुदानाने चालते, हे वेगळे. उद्दिष्ट संपले किंवा निधी लांबला की उभा अक्ष एका वर्षात कोसळतो.

पण सोडून द्यायचे म्हणजे सगळेच सोडायचे असे नाही. संच विकणे थांबवून, योजनेत नोंदलेल्या मोठ्या पुरवठादारांना फक्त पंप आणि मोटर द्यावी. उधारी साठ दिवसांची आणि लेखी. विक्री कमी दिसेल, विभागप्रमुखाला ते झोंबेल. पण पैसा तिथे लागेल जिथे आपला हात बसलेला आहे. याला आणखी एक मोठे कारण आहे. राज्याचा कल नव्या शेतीजोडणीऐवजी सौर पंपाकडे आहे. म्हणजे ज्या मोनोब्लॉकला आपण निवांत गाय समजतोय, तिचा चारा हाच बाजार खातोय. तक्त्यावर दोन वर्तुळे एकमेकांपासून लांब दिसतात, शेतात मात्र विहीर एकच असते. सौर पंपाकडे पूर्ण पाठ फिरवली तर काही वर्षांनी गायही आटेल.

पाचवी पायरी : काढून टाकण्याआधी भट्टीचा हिशेब

आता सर्वांत धोक्याची जागा. समजा पहिल्या वाचनाप्रमाणे आपण सुटे भाग सबंध बंद केले. वहीत त्यांची रोख फक्त ०.५ कोटी आहे, तेवढीच जाईल असे वाटते.

भट्टीकडे पाहू. महिन्याला ४०० टन धातू वितळतो : १०० टन आपल्या पंपांसाठी, २०० टन हाउसिंगसाठी, १०० टन लहान कामांसाठी. भट्टीचा स्थिर खर्च, म्हणजे विजेचा डिमांड चार्ज, पाळीवरची कायम माणसे, अस्तर आणि देखभाल, महिन्याला ४० लाख. टनाला १०,००० रुपये पडतात. बाहेरचे ३०० टन गेले की स्थिर खर्चही तितकाच उतरेल असे कागद मानतो. तसे होत नाही. भट्टी तीच राहते, मुख्य कारागीर तेच राहतात, महावितरणशी ठरलेला विजेचा कमाल भार, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, रीतसर अर्ज करून कमी करून घेतल्याशिवाय डिमांड चार्ज हलत नाही. समजा फार ताणून खर्च २५ लाखांवर आणला. आता तो सगळा १०० टन पंपांवर, म्हणजे टनाला २५,००० रुपये. पंपांवर महिन्याला १५ लाखांचा, वर्षाला १.८ कोटींचा नवा भार. गेलेले ०.५ आणि हा १.८ मिळून २.३ कोटी. कारखान्याची वर्षाची रोख २.९ वरून ०.६ कोटींवर येते. कुत्रा हाकलला आणि गाय दूध द्यायची थांबली, असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात दोघांचा गोठा एक होता.

फक्त लहान कामे सोडली तर? १०० टन गेले, एक पाळी कमी झाली, स्थिर खर्च ४० वरून ३३ लाख. उरलेल्या ३०० टनांवर टनाला ११,००० रुपये पडतात. लहान कामांचा ०.८ कोटींचा खड्डा बुजतो, पण त्यांच्या वाट्याच्या स्थिर खर्चातले वर्षाला ३६ लाख इतरांच्या डोक्यावर येतात. निव्वळ फायदा ८० लाखांचा नसून ४४ लाखांचा. त्यावर लहान कामांच्या येण्यांत आणि साठ्यात अडकलेले, समजा, २ कोटी एकदाच मोकळे होतात. हा निर्णय घेण्याजोगा आहे, पण आधी वाटत होता त्याच्या निम्माच गोड.

म्हणून नियम असा ठेवावा : एखादे उत्पादन काढताना त्याचा विभागलेला खर्च पाहू नका, ते गेल्यावर खरोखर कोणते बिल येणे थांबेल त्याची यादी करा. लेखापालाबरोबर फौंड्रीचा फोरमनही बसवा. कोणती पाळी कापता येईल आणि कोणती नाही हे त्यालाच माहीत असते.

सहावी पायरी : निर्णय अमलात आणणे

लहान ओतकामे एका दिवसात बंद करायची नसतात. ग्राहकवार यादी घेऊन नव्या ऑर्डरींचे भाव तीन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन १२-१५ टक्क्यांनी वाढवावेत. जे नव्या भावाला तयार होतील ते राहतील, कारण त्या भावात ते परवडतात. बाकीचे आपणहून जातील. त्यांचे पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचे नमुने, बहुधा त्यांच्याच मालकीचे असतात. ते मोजून, सही घेऊन परत द्यावेत, आणि शेवटचे बिल वसूल झाल्याशिवाय शेवटची खेप सोडू नये.

डिझेल पंपसंच तक्त्यावर गायीच्या चौकोनात आहे, पण आटत्या बाजारातली ती गाय आहे. इथे पीक काढून घ्यायचे : नवा पॅटर्न नाही, नवे मॉडेल नाही, नवा विक्रेता नाही, जाहिरात नाही. भाव दरवर्षी थोडा वाढवावा, कारण या संचाचे गिऱ्हाईक वीज न पोचलेल्या जागेचे आहे आणि त्याला पर्याय कमी आहेत. सध्याच्या १ कोटी रोखीतले ३० लाख साठा-उधारी आटल्यामुळे आले आहेत, ते कायम येणार नाहीत हे लक्षात ठेवावे. वर्षाला ८ टक्के घट धरली तर ६ कोटींची विक्री पाच वर्षांत ४ कोटींवर आणि आठेक वर्षांत ३ कोटींवर येईल. ३ कोटींना जुळणी थांबवायची, हे आजच लिहून ठेवावे. या संचांच्या दुरुस्तीला लागणाऱ्या भागांची विक्री मात्र त्यानंतरही चालू ठेवावी. विकलेल्या संचाला पिस्टन आणि गास्केट मिळेनासे झाले तर तोच विक्रेता आपला मोनोब्लॉक दुकानातून काढून टाकेल.

पीक काढता काढता मुळे उपटली जात आहेत का, हे ओळखायची खूण तक्रारींत दिसते. वॉरंटीत परत येणारे नग वाढले, किंवा विक्रेता आगाऊ पैसे देईनासा झाला, तर खर्चकपात मालाच्या दर्जापर्यंत पोचली आहे असे समजावे आणि एक पाऊल मागे यावे.

घरघंटी हा खरोखरच ०.६ वरचा कुत्रा आहे, पण वर्षाला ७० लाख देतो आणि काही मागत नाही. अशा उत्पादनाला हात लावायची घाई नको. पत्र्याची कॅबिनेट आणि मोटर बाहेरून येतात, भट्टीशी त्याचे नाते नाही, त्यामुळे तो विकायला सोपा आहे. कोणी सहा-सात वर्षांच्या रोखीइतकी, म्हणजे सव्वाचार ते पाच कोटी किंमत देत असेल तर विकावा, नाहीतर ठेवावा. आपल्याकडे असण्यापेक्षा दुसऱ्याकडे एखादा व्यवसाय जास्त मोलाचा असू शकतो, ही गोष्ट तक्ता कधीच दाखवत नाही. लार्सन अँड टुब्रोने याच कारणाने बाजारात भक्कम जागा असलेला आपला इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकला १४,००० कोटी रुपयांना विकला. करार २०१८ मध्ये झाला आणि व्यवहार २०२० मध्ये पुरा झाला. नुसत्या चौकोनांवर पाहिले असते तर तो ठेवण्याचा व्यवसाय होता. विद्युत उपकरणांतच मुरलेल्या जागतिक कंपनीसाठी त्याचे मोल मूळ मालकापेक्षा जास्त होते, आणि मूळ मालकाला आपले भांडवल दुसरीकडे लावायचे होते.

राहिले मोनोब्लॉक. इथली चूक म्हणजे गाय म्हणून तिला काहीच न देणे. १.६ चा सापेक्ष हिस्सा खर्चातल्या आघाडीवर उभा आहे. वाइंडिंगची यंत्रे जुनी झाली, चाचणी बाक बिघडला की समोरचा दोन-तीन वर्षांत १.२ वर आणून ठेवतो, आणि गेलेला हिस्सा मंद बाजारात परत मिळवणे फार महाग. यंत्रांवरचा खर्च ८० लाखांवरून दीड कोटीवर न्यावा, पण प्रत्येक रुपयाने नगामागचा खर्च किंवा विजेचा वापर उतरला पाहिजे या अटीवर. नवी क्षमता नको, ३ टक्क्यांच्या बाजारात ती पडून राहील.

आता पैशांची बेरीज करू. सौर संचाच्या नव्या ऑर्डरी थांबल्या की जुनी ४.५ कोटींची येणी वर्ष-दीड वर्षात परत येतील, लहान कामांतून २ कोटी सुटतील. साडेसहा कोटी. गायीला आणखी पिळण्यापेक्षा हा पैसा मोठा आहे, आणि तो चुकीच्या कापलेल्या वर्तुळांत अडकला होता. त्यातला मोठा भाग हाउसिंगला : कच्ची हाउसिंग देण्याऐवजी मशिनिंग करून द्यायची असेल तर दोन मशिनिंग सेंटर लागतील. त्यातून ग्राहकाचे एक ठिकाण वाचते आणि आपला सापेक्ष हिस्सा १.२ च्या काठावरून पुढे सरकतो. त्यानंतर सौर पंपाला जोडता येईल अशा मोटरीची चाचणी आणि नोंदणी.

एक सूचना मशिनिंग सेंटरची ऑर्डर देण्याआधीची. दर निर्णयाखाली तो उलटवायचा आकडा लिहा. हाउसिंगचा ट्रॅक्टरवाला ग्राहक विक्रीच्या ६० टक्क्यांहून जास्त असेल तर दुसरे सेंटर दुसरा ग्राहक मिळाल्यावरच घ्या. पंप-मोटरीची येणी नव्वद दिवसांवर गेली तर त्या पुरवठादाराचा माल थांबवा. मोनोब्लॉकच्या बाजारातले नग सलग दोन वर्षे घटले तर तिचे वर्तुळ डिझेलशेजारी हलवा आणि तिथले नियम लावा. आणि तक्ता दरवर्षी नव्याने काढताना गेल्या वर्षीचे वर्तुळ फिक्या पेन्सिलने तसेच राहू द्या. तीन वर्षांच्या खुणा जोडल्या की कोण कुठे निघाला आहे ते त्या रेघेतच दिसते, आणि मार्चमधल्या बैठकीत प्रत्येक विभागप्रमुखाला आधी त्या रेघेबद्दल विचारता येते, मग यंत्राबद्दल.